बारावी सूचना

माने सरांची जीभ जांभळी असायची. त्या काळी एक शाईपेन्सिल मिळे. कोरडी असताना ती करड्या रंगाची उठायची आणि ओली केली की जांभळी. सर ती दर दोन ओळींनी जिभेला लावायचे. तपासलेल्या पेपरवर जिथे चूक असेल तिथे जांभळी फुली उमटायची, आणि फुलीच्या मधोमध थुंकीचा एक ओलसर ठिपका बराच वेळ चमकत राहायचा. पेपर हातात आला की मी तो कडेने धरायची. आज सत्तरी ओलांडली, पण जांभळा रंग दिसला की माझं तोंड अजून कडवट होतं. लोकांना वाटतं, मला वांगं आवडत नाही.

तरी शिकवायचे मात्र छान. ते मी नाकारणार नाही.

१९७५ सालची गोष्ट. सांगलीत गणपती पेठेत हळदीच्या एका अडतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. भाऊसो माने हे साताऱ्याकडचे. सैन्यात जवानांना लिहायला-वाचायला आणि हिशेबाला शिकवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. तिथे भरतीच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेता घेता त्यांना त्या कोड्यांचं वेड लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बँकेच्या, विम्याच्या, सरकारी नोकरीच्या परीक्षांचा क्लास काढला. खाली हळदीची पोती आपटली की वर फटीतून पिवळी धूळ यायची. घरी गेल्यावर माझ्या ओच्यावर, वहीवर, भुवयांवर हळद असायची. आत्या म्हणायची, "रोज हळद लावून येतीस, लगीन कवा लावायचं?"

मी सातारची. बी. कॉम. झाले आणि वडलांनी मला सांगलीला साळूआत्याकडे ठेवलं. नोकरी लागली तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर परत सातारला, इतकं साधं होतं माझं. त्या नोकरीवाचून माझं काही अडलेलं नव्हतं.

महेजबीनचं अडलं होतं. ती मिरजेहून यायची. तिचे वडील कुतुबुद्दीन तंबोरे करायचे. त्यांनी मुलीला बी. ए. पर्यंत शिकवलं होतं, पण हुबळीचं एक स्थळ घरात बसून होतं. ईदच्या आत नोकरी लागली तर हुबळीला नकार कळवायचा, नाही लागली तर ईदनंतर निकाह, असं बापलेकीचं ठरलं होतं. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, अगदी गाडीची वेळ सांगावी तसं.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला असेल. त्यांचं टायरचं दुकान आहे. पण तिथे मला कोण कोडी घालणार?"

आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. क्लासात सहाच मुली होत्या, बाकी सगळी मुलं. मुलांची वेळ सकाळी आणि आमची दुपारी.

सरांचं आवडतं कोडं पाच घरांचं. एका ओळीत पाच घरं, प्रत्येक घराचा मालक वेगळा, दाराचा रंग वेगळा, जेवण वेगळं. मग दहा-बारा सूचना. प्रत्येक सूचना दोनच गोष्टींची गाठ मारून देते. अमक्याचं दार हिरवं, म्हणजे मालक आणि रंग. हिरव्या दाराच्या घरी कढी, म्हणजे रंग आणि जेवण. अमका पहिल्या घरात, म्हणजे मालक आणि जागा. एका सूचनेतून कधीच सगळं कळत नाही. गाठीला गाठ लावत जायचं.

पहिल्या दिवशी मी सगळ्या सूचना तीनदा वाचून डोक्यात जुळवायला बघत होते. सर मागून आले.

"काय करतीस गं?"

"विचार करतेय, सर."

"इचार मागनं. आदी तक्ता आख."

त्यांनी फळ्यावर उभी पाच घरं आखली, वर एक ते पाच आकडे. आडव्या तीन ओळी, मालक, दार, जेवण. पंधरा रिकामे चौकोन झाले. म्हणाले, "आता सूचना वाचायच्या त्या नंबरानं न्हाई. ज्या सूचनेत घराचा आकडा हाय ती आदी धरायची. ती खुंटी. मग त्या खुंटीला कोण बांधलंय ते बघायचं. 'शेजारी' म्हणणारी सूचना सगळ्यात मागनं, कारण शेजारी दोन असत्यात. आन एक रंग एकदा बसला की बाकीच्या चार घरांत त्याच्यावर काट मारायची. काट बी माहितीच हाय."

मग अंगठा जिभेला लावून त्यांनी फळ्यावरची एक वाकडी रेघ पुसली. मी मान फिरवली. पण त्यानंतर जे बोलले ते मी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही अजून आहे.

"तक्त्यात जे यील ते कागदावरनं आलं पायजे. तुमच्या डोस्क्यातनं न्हाई. पेन्सिलीनं सुदीक अंदाज लिवायचा न्हाई. कागदावर न्हाई, तर चौकोन रिकामा."

रिकाम्या चौकोनासाठी महेजबीनने एक युक्ती काढली. ज्या घरात दोनच नावं शक्य असतील, तिथे ती चौकोनाच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं लिहायची, मध्ये तिरकी रेघ देऊन. पुढे एखादी सूचना आली की एक अक्षर खोडायची. सरांना ती इतकी आवडली की त्यांनी ती सकाळच्या मुलांनाही शिकवली. "मिरजेची पद्धत" म्हणायचे तिला. महेजबीन लाजून वही पालथी घालायची.

त्या वर्षी महिला वर्षाचा गाजावाजा होता. सांगलीतल्या एका सहकारी बँकेने ठरवलं की काउंटरवर एक मुलगी बसवायची. बँकेचं नाव मी लिहीत नाही. चेअरमन सरांच्या ओळखीचे. त्यांनी सरांना निरोप दिला की तुमच्या क्लासात चाचणी घ्या आणि जी पहिली येईल तिचं नाव कळवा, आम्ही डोळे झाकून घेऊ. सरांनी हे क्लासात सांगितलं तेव्हा बाकाखाली महेजबीनने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. आषाढ संपत आला होता. पन्नास मार्कांचा पेपर सरांनी स्वतः काढला आणि सायक्लोस्टाइल करून आणला. शेवटचा प्रश्न दहा मार्कांचा, पाच घरांचा. ते कोडं मला पाठ आहे.

एका गल्लीत समोरून पाहता डावीकडून उजवीकडे पाच घरं. पहिलं पाराजवळ, पाचवं ओढ्याजवळ. मालक सयाजी, नाथाजी, लालासाहेब, दादासो, रहिमान. दारं पांढरं, तांबडं, पिवळं, हिरवं, निळं. जेवणाला पिठलं, आमटी, कढी, वांगी, मटण. खाली अकरा सूचना आणि प्रश्न: मटण कोणाच्या घरी शिजलं?

मी तक्ता आखला. आधी खुंट्या. सयाजी पहिल्या घरात. पिवळं दार मधल्या घराला. नाथाजीचं दार पिवळं, म्हणजे नाथाजी तिसऱ्यात. हिरवं दार पिवळ्याच्या लगेच उजवीकडे, म्हणजे चौथं. लालासाहेबाचं दार हिरवं, म्हणून लालासाहेब चौथ्यात. सयाजीकडे पिठलं, आणि पांढऱ्या दाराच्या घरी पिठलं, म्हणजे पहिलं दार पांढरं. तांबडं दार पांढऱ्याच्या शेजारी, म्हणून दुसरं. रंगांत निळा एकटा उरला, तो पाचव्याला. तांबड्या दारी आमटी, नाथाजीकडे कढी, हिरव्या दारी वांगी. जेवणात मटण उरलं, तेही पाचव्याला.

अकराच्या अकरा सूचना वापरून झाल्या. दारांची ओळ भरली, जेवणाची भरली. मालकांच्या ओळीत दुसरा आणि पाचवा असे दोन चौकोन राहिले, आणि नावंही दोन राहिली होती, दादासो आणि रहिमान.

माझा हात थांबला नाही. हे मी शपथेवर सांगते. क्षणभरही थांबला नाही. दुसऱ्यात दादासो लिहिलं, पाचव्यात रहिमान लिहिलं, उत्तर लिहिलं रहिमान, आणि सगळ्यात आधी पेपर नेऊन दिला. येताना बघितलं तर महेजबीन सूचनांवरून बोट फिरवत होती. वरून खाली, मग खालून वर. मला तिची कीव आली. म्हटलं, अडकली वाटतं.

दुसऱ्या दिवशी निकाल. मला त्रेचाळीस, महेजबीनला अडतीस. बाकीच्या चौघी तिशीच्या आत. सरांनी माझं नाव घेतलं आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. महेजबीनने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पेपर घेऊन टेबलापाशी गेली.

तिच्या तक्त्यात तेरा चौकोन भरलेले होते. मालकांच्या ओळीत दुसऱ्या आणि पाचव्या चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, द/र. खाली उत्तर होतं: दादासो किंवा रहिमान. दिलेल्या सूचनांवरून सांगता येत नाही. त्या वाक्यावर आडवी-उभी मोठी जांभळी फुली होती, आणि ती नीट वाळलीही नव्हती.

"सर, रहिमानचं नाव कुठल्या सूचनेत आहे?" तिने विचारलं.

"सूचनेत कशाला पायजे? उरलेल्यात येतंय की."

"उरलेत दोघं, सर. दादासोपण कुठल्याच सूचनेत नाही."

सर हसले. मोठ्या मायेने हसले, तेच मला जास्त आठवतं. "आगं पोरी, घर वड्याकडंला. आत शिजतंय मटाण. आता ते कुणाचं असंल, ह्ये काय कागदावर लिवाय लागतंय व्हय? तुला तर ठावंच असाय पायजे."

मागे दोघी-तिघी खुदखुदल्या. महेजबीनही हसली, पण तिचे कान तांबडे झाले होते.

"आमच्याकडे काल आमटी होती, सर."

आता सगळा वर्ग हसला. सर मात्र थांबले.

"आणि आखाड चाललाय," ती म्हणाली. "या आठवड्यात दादासोच्या घरी काय शिजत असेल?"

"उगं वकिली करू नगंस. समद्या पोरींनी बरोबर लिवलं, तुझंच तेवढं घोडं अडलं. पाच पोरी येड्या आन तू एकटी शानी?"

"तुम्हीच सांगितलंय, सर. कागदावरनं आलं पायजे, डोस्क्यातनं न्हाई."

तिने त्यांचीच बोली उचलली होती. सरांचा चेहरा बदलला. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, लिहायचं काही नसताना. "कागुद वाचाय बी माणसाला आक्कल लागती," ते म्हणाले.

महेजबीन माझ्याकडे वळली. अजून तिला आशा होती. मला ते स्पष्ट दिसलं.

"विजू, तू पाचव्यात रहिमान कुठल्या सूचनेवरून लिहिलंस?"

पेपर माझ्या समोरच होता. मी अकरा सूचना वाचल्या. खरं तर चारच वाचल्या असतील, तेवढ्यात मला कळलं की सापडणार नाही. अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. तक्ता माझा, अक्षर माझं, आणि त्या एका चौकोनातलं नाव कुठून आलं ते मला दाखवता येत नव्हतं. पण मागे चौघीजणी होत्या, पुढे सर होते, आणि त्रेचाळीस आकड्याभोवती गोल काढलेला होता.

"वजाबाकीने आलं," मी म्हणाले.

खोटं होतं ते. वजाबाकीने दोन उरतात, हे तिने आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सर म्हणाले, "बघ. हिला बरं कळलं." महेजबीनने माझ्याकडे अजून थोडा वेळ पाहिलं. मग पेपरची चार घड्यांची घडी करून तिने तो पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेली. खाली पोतं आपटलं आणि फटीतून हळद वर आली.

रविवारी आत्याने मटण केलं. माझ्या नोकरीच्या आनंदात, आणि शिवाय श्रावण तोंडावर आला होता. सकाळपासून वाटण चाललं होतं. शेजारच्या शालूबाईकडे शिजत होतं, पलीकडे सुताराकडे शिजत होतं. सगळ्या गल्लीत तोच वास. आमच्या गल्लीत पंधरा घरं होती, त्यांतल्या तेरा घरी त्या दिवशी मटण होतं, आणि मुसलमानाचं घर एकही नव्हतं.

आत्याने वाटी पुढे सरकवली. वर तांबड्या तेलाचा तवंग होता. माझ्या डोळ्यांपुढे नुसतं पाचवं घर.

"खा की गं. उद्या श्रावण लागला की म्हैनाभर वास बी यायचा न्हाई."

मी एक घास घेतला आणि मोरीकडे पळाले. आत्या मागून पाठ चोळत राहिली, "आनंदानं हुतंय आसं कुणाकुणाला," म्हणाली. मला तिच्या हाताचाही राग आला. कशाचाच वास सहन होत नव्हता, स्वतःच्या हाताचासुद्धा. दोनदा साबण लावून धुतला.

दुपारी मी माडीवर बसून दोन तक्ते आखले. शेजारी शेजारी. पहिल्यात दुसरं घर दादासोचं, पाचवं रहिमानचं. दुसऱ्यात दुसरं रहिमानचं, पाचवं दादासोचं. बाकी तेरा चौकोन दोन्हीकडे अगदी सारखे. मग एकेक सूचना घेऊन दोन्ही तक्त्यांवर बोट ठेवत गेले. अकराच्या अकरा इथेही बसत होत्या आणि तिथेही बसत होत्या. दुसऱ्या तक्त्यात रहिमान सयाजी आणि नाथाजीच्या मधोमध राहत होता, तांबड्या दाराच्या घरात आमटी खात. तिकडे ओढ्याकाठी दादासो मटणावर ताव मारत होता. काही बिघडलेलं नव्हतं. गल्ली तीच होती.

मग मार्कांची मांडणी केली. महेजबीनचं उत्तर बरोबर, म्हणजे दहा मार्क तिचे. तिचे अठ्ठेचाळीस, माझे तेहेतीस. प्रश्नच रद्द केला तरी ती अडतीस आणि मी तेहेतीस. कसंही धरलं तरी ती पहिली.

सोमवारी क्लास भरायच्या तासभर आधी मी दोन्ही तक्ते घेऊन गेले. सर एकटे होते. खिडकीत उभे राहून चूळ भरत होते. ती त्यांनी खाली अडतीच्या पत्र्यावर टाकली आणि टेबलाशी आले.

"दोन्ही बसतात, सर," मी म्हणाले.

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद ओढून घेतले आणि जुन्या सवयीने सूचना एकेक करून लावायला लागले. ओठ हलत होते. पाचव्या-सहाव्या सूचनेला ओठ थांबले. त्यांना कळलं. एवढी वर्षं ते हेच काम करत आले होते, न कळायला काय झालं? तरी पुढच्या पाच सूचना त्यांनी पुऱ्या केल्या.

"व्हय," ते म्हणाले. "एक सूचना कमी पडली."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता होईल.

त्यांनी टेबलाच्या खणातून प्रश्नपत्रिकेची मूळ प्रत काढली. पेन्सिल जिभेला लावली. अकराव्या सूचनेखाली आकडा घातला, बारा. पुढे लिहिलं, रहिमानचं दार निळं.

"झालं," ते म्हणाले. "आता बसतंय न्हवं एकच? पुढच्या बॅचला चालंल."

"पण महेजबीनच्या पेपरात ही नव्हती, सर."

"नसंना का. आसाय पायजे हुती, म्हंजी हुतीच की."

"मग तिचं नाव कळवायचं ना, सर?"

"नाव गेलं शनिवारी. तुझं." त्यांनी कागदावरची ओल अंगठ्याने टिपली. बारावी सूचना थोडी पसरली. "आन इजू, चेअरमनला जाऊन काय सांगू, मी पेपर चुकवला? माझ्या क्लासाची काय अब्रू ऱ्हाईल? तुला नोकरी मिळाली, गप बस की. ती काय, आज ना उद्या हुबळीला जाणारच हाय."

हुबळीचं त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बोलताना जीभ दिसत होती. त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी किळस आली की माझे तक्ते त्यांच्या हाताखालून ओढून घेताना त्यांच्या बोटाला माझं बोट लागू नये म्हणून मी कागदाचा कोपरा फाडला.

चेअरमनचं घर पेठेपासून दहा मिनिटांवर होतं. मी रस्त्यावर आले आणि मिरजेची बस धरली.

कुतुबुद्दीनचाचांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. छताला वाळलेले मोठे भोपळे टांगलेले, भिंतीला अर्धवट तंबोरे. लाखेचा वास. चाचा तारा जुळवून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "बेटी, तुझी सहेली आली." महेजबीन आत एक भोपळा मांडीवर घेऊन काचकागदाने घासत होती. भुकटी तिच्या भुवयांवर बसली होती, क्लासात हळद बसायची तशी.

मी दोन्ही तक्ते तिच्यापुढे ठेवले. तिने हात पुसले आणि बघितले. नुसती नजर टाकली, सूचना लावत बसली नाही.

"सरांना दाखवलेस?"

"दाखवले. त्यांनी बारावी सूचना लिहिली." काय लिहिली तेही सांगितलं.

ती हसली. "शाईपेन्सिलने?"

"हो."

"बँकेत दाखवलेस?"

पलीकडे चाचांनी एक तार छेडली, ती बराच वेळ घुमत राहिली.

"चेअरमनना?"

मी मान खाली घातली.

"मग मला कशाला दाखवतेस, विजू?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मला तर त्या दिवशीच माहीत होतं."

तिने तक्ते उचलून माझ्या हातात दिले आणि भोपळा परत मांडीवर घेतला. चाचांनी चहा सांगितला. तो मी प्याले. ते तिच्या नोकरीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. तंबोऱ्याच्या भोपळ्याबद्दल बोलले. चांगला भोपळा ओळखायचा तर वरून ठोकून काही कळत नाही, म्हणाले, आतून पोकळ करून बघावा लागतो. निघताना महेजबीन दारापर्यंत आली नाही. घासण्याचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

परतताना चेअरमनच्या दारावरून गेले. दार निळं नव्हतं, हिरवं नव्हतं, साधं सागवानी होतं. उघडंच होतं. आत कोणीतरी वर्तमानपत्र वाचत बसलं होतं. मी दोनदा पुढून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा पेपर वाचणाऱ्याने मान वर करून विचारलं, "काय पायजे, ताई?" मी म्हणाले, काही नाही, घर चुकलं.

पुढच्या सोमवारी दहाला मी काउंटरवर बसले. एकतीस वर्षं बसले. शेवटची नऊ सातारच्या शाखेत. लोक म्हणायचे, विजयमालाबाईंची नजर फार बारीक, फॉर्मातला एक चौकोन रिकामा असला तरी परत करतात. खरं आहे. कोणी म्हणायचं, "बाई, तुमीच भरा की, तुमाला ठावं हाय माझं गाव." मी भरत नसे. फॉर्म खिडकीतून बाहेर सरकवायची. रागवायचे लोक.

महेजबीनचा निकाह त्या ईदनंतर झाला. पत्रिका आत्याच्या पत्त्यावर आली होती. मी गेले नाही.